आडाकाठचं कार्ड

रेडिओवर बोलायचं असेल तर समोर एकच माणूस बसलाय असं समजून बोलायचं, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं गेलं. त्या एका माणसाला तू म्हणायचं की तुम्ही, हे मात्र कुणी शिकवलं नाही, कारण त्याबद्दल वादच नव्हता. श्रोत्याला तुम्ही म्हणायचं. फार मान द्यायचा असेल तर आपण. आणि स्वतःला मी न म्हणता आम्ही.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. आमच्या शहरातल्या रेडिओ केंद्रावर संध्याकाळच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात मी नैमित्तिक निवेदिका होते. दर मंगळवारी त्यात पत्रांना उत्तरं असायची. आठवडाभर आलेली पोस्टकार्डं मी सकाळी येऊन वेगळी करायची. पिकांची एका ढिगाऱ्यात, जनावरांची दुसऱ्यात, फर्माईश असेल तर ती चुकून आमच्याकडे आलेली. उत्तरांचं लेखन आमचे वयस्क लेखक करायचे. ते खुलताबादचे. घरी दखनी बोलायचे, लिहायचे मात्र असं मराठी की पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनाही चूक सापडू नये. निजामाच्या काळात ते उर्दू शाळेत शिकले होते आणि पोलीस ॲक्शननंतर नोकरीसाठी ते मराठी लिहायला नव्यानं शिकले होते. त्यामुळे की काय, आपल्याला सवयीनं दिसेनाशा झालेल्या गोष्टी त्यांना दिसायच्या. मी त्यांना सर म्हणायची. ते मला बाई म्हणायचे, आणि रागावले की बेटा.

ते कार्ड उन्हाळ्याच्या सुरुवातीला आलं. निळ्या शाईत, शाळेतल्या पाटीवर काढावीत तशी मोठी सुटी अक्षरं. नाव नाही, गाव नाही. मजकूर एवढाच होता:

‘आमच्या घरामागं आड हाय. पाणी लई खाली गेलं. सांजच्याला रेडिओ आडाच्या काठावर ठिवला की खालून’

पुढे काही नव्हतं. कार्डावर भरपूर जागा रिकामी होती. शाई संपली म्हणावं तर शेवटचा ‘न’ सगळ्यात ठळक होता.

मी ते सरांकडे नेलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून शिक्का पाहिला. “आमच्या खुलताबादचा आहे,” ते म्हणाले. “पण त्या पोस्टात वीस-पंचवीस गावांचं टपाल येतं.”

“मग फेकू?”

“आडाचं पाणी खाली गेलंय, शेतकऱ्याचं कार्ड आहे. उत्तर द्यायलाच पाहिजे. पुढचं काय ते विचारू.”

पत्ता नसल्यामुळे विचारायचं तर रेडिओवरूनच. सरांनी दोन ओळी लिहून दिल्या आणि त्या मंगळवारी मी त्या जशाच्या तशा वाचल्या: “आडाविषयीचं आपलं कार्ड आम्हांला मिळालं, मात्र ते अर्धवट आहे. आपण ते पूर्ण करावं, ही विनंती.”

आठ दिवसांनी त्याच अक्षरातलं दुसरं कार्ड आलं.

‘आपण पूर्ण करावं म्हणलात. बरं. माझं अर्धं मी लिव्हलं. राहिलेलं तुमचं तुम्ही लिव्हा. तुम्हाला वरून ऐकू येत असंल तर’

मी ते दोनदा वाचलं. खोलीत पंखा चालू होता, बाहेर माळी पाइपनं झाडांना पाणी घालत होता, आणि माझ्या हातांवर काटा उभा राहिला. सर मात्र हसले.

“चूक माझी,” ते म्हणाले. “तुमच्या मराठीत हा घोळच आहे. उर्दूत आप म्हटलं की समोरचा माणूस. संपलं. मराठीत आपण म्हटलं की समोरचाही आणि मीही. आपण करावं म्हणजे तुम्ही करावं, आणि आपण करावं म्हणजे दोघांनी मिळून करावं. सभेत आपण चालतं, कारण सभेतल्यांना माहीत असतं की हे मानाचं आपण आहे. खेड्यातल्या माणसाला कोण आपण म्हणतं? तो आपण ऐकणार म्हणजे तू-मी मिळूनच ऐकणार.”

“पण ‘वरून ऐकू येत असंल तर’ म्हणजे काय?”

त्यांनी कागद ओढला आणि यावेळी लिहिलं: “आडाविषयी लिहिणाऱ्या श्रोत्यांना सांगायचं आहे. तुमचं दुसरं कार्डही मिळालं. तुम्ही कुठून लिहिता, आडाची अडचण काय आहे, ते तुम्हीच लिहून कळवा.” ‘तुम्हीच’खाली त्यांनी रेघ मारली होती. मी तिथं जोर देऊन वाचलं.

तिसरं कार्ड आलं तेव्हा मी ते सरांसमोरच टपालातून काढलं.

‘तुम्ही म्हणलात. आम्ही दोघी हाओत हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर एकटीचंच लिव्हलं होतं. ती म्हणती’

तुम्ही हे मान देऊन एकाला म्हणतात आणि मान न देता अनेकांनाही म्हणतात, हे मला जन्मापासून माहीत होतं. पण कुणी आयुष्यात कधी तुम्ही म्हणवूनच घेतलं नसेल, तर त्याला त्यातला मान ऐकू येत नाही. फक्त आकडा ऐकू येतो. सासरच्या घरी सून सगळ्यांची तू असते. सासू तू म्हणते, नवरा तू म्हणतो, दीर तू म्हणतो. अशा बाईला रेडिओनं एकदम तुम्ही म्हटलं, आणि तिनं आपल्या शेजारी वळून पाहिलं असणार की दुसरी कोण.

एवढं कळत होतं. मला जे कळत नव्हतं ते हे, की तिला शेजारी कुणीतरी दिसलं होतं.

आता ती बाई आहे हे कळलं होतं. वय कळत नव्हतं, पण अक्षर जुन्या माणसाचं नव्हतं. मी सरांना म्हटलं, “आता तू म्हणू या.”

“रेडिओवरून?”

“आपण झालं, तुम्ही झालं. दोन्ही वेळा तिला भलतंच ऐकू गेलं. तू म्हटलं की तूच. त्यात दुसरं कुणी शिरायला जागाच नाही.”

सर म्हणाले, “म्हणूनच नको. तू म्हणणाऱ्याला आपण ओळखत असतो, बाई. आई, देव, लेकरू, घरातलं माणूस. अनोळखी माणसाला तू म्हटलं तर तो एक तर रागावतो, नाही तर शोधायला लागतो, की मला तू म्हणणारं हे कोण.”

साहेबांकडे, म्हणजे आमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे, विषय गेला. त्यांनी वर न बघता सांगितलं, “श्रोत्याला तू नाही.” मंजूर कागदावर परत तुम्हीच लिहिलं गेलं.

त्या मंगळवारी कार्यक्रम थेट होता. समोर काचेपलीकडे तंत्रज्ञ, माझ्यासमोर मायक्रोफोन आणि तो कागद. सोयाबीनच्या बियाण्याचं उत्तर झालं, म्हशीच्या कासेच्या सुजेचं झालं. मग ते आलं. मी कागदाकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून दुसरंच गेलं. अगदी ठरवून केलं नाही असं आजवर मी लोकांना सांगत आले, पण ते खरं नाही. सकाळपासून मी ती वाक्यं मनात जुळवत होते. तू म्हटलं की समोर बाई आहे की पुरुष हे क्रियापदात येतं, तेही मी सांभाळलं होतं.

“आडाजवळ बसून कार्ड लिहिणाऱ्या बाई,” मी म्हटलं, “तू लिहिलेलं मला मिळालं. घाबरू नकोस. उरलेलं लिही. मी वाट बघते.”

काचेपलीकडच्या तंत्रज्ञानं मान वर केली. मी पुढचं पत्र वाचायला घेतलं. नंतर साहेबांनी बोलावलं, दोन शब्द सुनावले, मी माफी मागितली आणि खरं सांगायचं तर जिन्यावरून उतरताना मला आतून बरं वाटत होतं. आपण एका माणसाशी माणसासारखं बोललो, असं काहीसं.

चौथं कार्ड पुढच्या मंगळवारी दुपारी आलं. त्यात पहिल्यांदाच पूर्णविराम होते.

‘तू बोलावलंस. आता खालून कोण बोलतं ते मला पक्कं कळलं. तू म्हणायचीस तसंच म्हणलीस, उरलेलं लिही. तू वाट बघती म्हणलीस. आता मी लिहीत नाय. मंगळवारी रेडिओ लागला की मीच येते.’

मी ते वाचून सरांपुढे धरलं. सरांनी माझ्या हातातून कार्ड घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेलेला मी पाहिला.

“आज मंगळवार,” मी म्हटलं.

“बेटा,” ते म्हणाले, पण रागानं नाही.

त्यांनी पहिल्यांदा खुलताबादच्या पोस्टात फोन लावायला घेतला. ट्रंक कॉल लागायला पाऊण तास गेला. तिकडचे पोस्टमास्तर म्हणाले की कार्ड कुठल्याही गावच्या पेटीतून आलेलं असू शकतं, आणि घरामागं आड कुणाच्या नाही? पोलिसांना सांगायचं तर गावाचं नाव काय सांगायचं? मी बस धरून जाते म्हटलं. सर म्हणाले, जाऊन कुठल्या घरी थांबशील? कार्यक्रमाला अडीच तास उरले होते. आमच्याकडे तिच्यापर्यंत पोचणारी एकच गोष्ट होती आणि ती संध्याकाळी सव्वासातला सुरू होणार होती.

आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. त्यांनी चारही कार्डं ओळीनं मांडून वाचली. मग म्हणाले, “पहिल्यांदा हेच वाचायचं. बी-बियाणं नंतर.”

कागद सरांनी लिहिला. मी शेजारी बसले होते. त्यांनी पहिलं वाक्य लिहून खोडलं, परत लिहिलं.

“मी नको,” ते पुटपुटले. “मी म्हटलं की कुणीतरी एक बाई होते. आम्ही. आणि तू तर नकोच. तुम्ही. मोठ्यानं, सरकारी, कोरडं तुम्ही. तिला कळलं पाहिजे की हे कचेरीतून बोलतायत.”

“तिला परत दोघी ऐकू आलं तर?”

“ऐकू दे. एकटीला बोलावलंय असं ऐकू येण्यापेक्षा बरं.”

मग त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. माझा आवाज मऊ होत होता. “बातम्या वाचतात तसं,” ते म्हणाले. “माया नको.”

सव्वासातला दिवा लाल झाला. मी वाचलं:

“हे रेडिओ केंद्र आहे. आडाविषयी चार कार्डं पाठवणाऱ्या बाईंसाठी ही सूचना आहे. मागच्या मंगळवारी तुम्हाला तू म्हणणारा आवाज या केंद्रावरच्या निवेदिकेचा होता. ती आमची चूक होती. आम्ही तुम्हाला ओळखत नाही. तुम्हीही आम्हाला ओळखत नाही. आम्ही तुम्हाला कुठेही बोलावलेलं नाही. तुम्ही आडाजवळ असाल तर तिथून उठा आणि घरात जा. घरात जे कुणी असतील त्यांच्याजवळ बसा. ही सूचना पुन्हा वाचत आहोत.”

मी ती तीनदा वाचली. तिसऱ्यांदा ‘आम्ही तुम्हाला ओळखत नाही’ म्हणताना माझा आवाज परत मऊ झाला. काचेपलीकडे सर उभे होते. त्यांनी हात आडवा हलवून खुणेनं सांगितलं, नाही, तसंच कोरडं. मी तसंच वाचलं. हेडफोनमध्ये माझाच आवाज मला ऐकू येत होता, आणि तो खरोखर अनोळखी बाईचा वाटत होता.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते लिहीत नाही. रोज सकाळी मी आधी टपाल बघायची, मग वर्तमानपत्रातलं तालुक्यांच्या बातम्यांचं पान. दोन्हींत काही नसायचं.

नवव्या दिवशी शिपाई सांगत आला, खाली एक म्हातारा आलाय, रेडिओवरच्या बाईला भेटायचं म्हणतो. धोतर, डोक्याला मळकट पटका, हातात पिशवी. मला बघून त्यानं हात जोडले.

“तुम्हीच का त्या? सूचना वाचलेल्या?”

मी हो म्हटलं. सरांनी त्याला खुर्ची दिली. तो खुर्चीवर बसला नाही, भिंतीला टेकून उकिडवा बसला, आणि आम्ही दोघंही मग त्याच्यासमोर स्टुलांवर बसलो.

“सून हाय ती माझी,” तो म्हणाला. “धाकली. कार्डं लिव्हते हे मला ठावंच नव्हतं. दुकानातून पोरींच्या हातून मागवायची अन् जाता-येता पेटीत टाकायची.”

“ती कशी आहे?” मी विचारलं. दुसरं काही विचारायला सुचलं नाही.

“हाय. माहेरी धाडली. बरी हाय.” त्यानं पिशवी बाजूला ठेवली. “थोरली सून होती आमची. दोन सालं झाली. आडावर पाणी शेंदताना पाय घसरला. काढली तवा काय नव्हतं. ह्या दोघी जावा, पण बहिणीवानी. धाकली आली तवा तिला अक्षर येत नव्हतं. थोरली चौथी शिकलेली. दुपारच्याला आडाच्या कट्ट्यावर बसायच्या. थोरली अर्धं वाक्य सांगायची, अन् म्हणायची, उरलेलं लिही. ही लिव्हायची.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते दोन शब्द मला कुणी सांगितले नव्हते. ते साधे शब्द आहेत, कुणीही म्हणेल असे. मी स्वतःला त्या दिवसापासून हेच सांगत आलेय.

“त्या मंगळवारी मला सांजच्याला ती घरात दिसंना,” म्हातारा सांगत होता. “मागं गेलो तर कट्ट्यावर बसलेली. पाय आत सोडलेले. मी हाक मारंना, म्हणलं दचकून जाईल. तवाच तुमची सूचना लागली. ती मान वाकडी करून आत बघत ऐकत व्हती. पहिल्यांदा हलली नाय. तुम्ही म्हणलात, आम्ही तुम्हाला वळखत नाय. तवा तिनं पाय वर घेतले. दुसऱ्यांदा म्हणलात तवा उठली. माझ्याजवळ आली अन् म्हणली, मामंजी, ही ती नाय. ही मला तुम्ही म्हणती.” त्यानं पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं. “लई रडली, बाई. थोरली गेली तवा बी इतकी नव्हती रडली.”

सरांनी समजावून सांगायला सुरुवात केली. उन्हाळ्यात आडातलं पाणी खाली जातं, खोल पोकळीत आवाज घुमतो, वर रेडिओ ठेवला की तोच आवाज क्षणभरानं खालून परत येतो. बाईच्या आवाजातलं वाक्य खालून आलं तर कुणालाही वाटेल की आत कुणी बोलतंय. ते हळू, नीट सांगत होते, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात सांगतात तसं. म्हातारा मान हलवत होता.

“व्हय, साहेब. घुमतो. मी बी ऐकलाय.” मग त्यानं म्हटलं, “पर त्या दिवशी रेडिओ आडावर नव्हता. दोन्ही मंगळवारी नव्हता. मी आजारी व्हतो, माझ्या उशाला व्हता. सूचना लागायच्या आधी मी तो काखेत धरून मागं गेलो. तवर कट्ट्यावर ती ऐकतच बसली व्हती.”

“घरातला आवाज बाहेर जातो,” सर म्हणाले. “सांजेला लांब जातो.”

“जात असंल,” म्हातारा म्हणाला.

शिपायानं चहा आणला. म्हातारा तो बशीत ओतून प्याला आणि उठला. जाताना म्हणाला, आडावर आता पत्रा टाकून दगडं ठिवलीत, पाणी टाक्यावरून आणतो. पुन्हा रेडिओवर आमचं काही सांगू नका, गावाचं नाव तर मुळीच नको. आम्ही तसं वचन दिलं. गावाचं नाव त्यानं आम्हालाही सांगितलं नव्हतं, ते मला तो गेल्यावर लक्षात आलं.

साहेबांनी त्या प्रकाराबद्दल कागदावर काही लिहिलं नाही. चार कार्डं सरांनी आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि निवृत्त होताना मला विचारलं, घेतेस का. मी नको म्हटलं. त्यांनी ती काय केली ते मी विचारलं नाही.

पुढे बरीच वर्षं मी रेडिओवर बोलत राहिले. अर्धवट पत्रं पुष्कळ आली. कुणाचं दुसरं पान राहिलेलं, कुणाचा पत्ता. मी त्यांना तुम्हीच म्हणायची आणि दर वेळी आधी नाव, गाव, तालुका मागायची. तरुण निवेदक आले तसे ते मायक्रोफोनवर तू म्हणायला लागले. मुलांच्या कार्यक्रमात, गाण्यांच्या कार्यक्रमात, फोनवरून बोलणाऱ्या श्रोत्यालाही. लोकांना ते आवडतं. मला कुणी विचारलं तर मी म्हणायची, तुम्हाला शोभतं ते करा. एकदा एका मुलीनं विचारलं, “तुम्ही कधीच कुणाला तू म्हटलं नाही का, ताई?” आम्ही कॅन्टीनमध्ये होतो, बाजूला माणसं होती. मी म्हटलं, एकदा म्हटलं होतं, आणि विषय बदलला.

लग्नानंतर घरच्यांना घेऊन आम्ही वेरूळला गेलो होतो. मोटार खुलताबाद मागं टाकून घाट उतरायला लागली तेव्हा डावीकडे एक कच्चा रस्ता गेला होता. त्याच्या तोंडाशी चार-पाच बायका डोक्यावर हंडे घेऊन चालल्या होत्या. त्यांतली एक, तिशीच्या आसपासची, आमच्या गाडीकडे पाहत कडेला थांबली. ती कुणीही असू शकेल. सासूबाईंना तहान लागली होती, त्या म्हणाल्या, “थांबव रे, त्या बाईला विचार पाणी मिळेल का.” ड्रायव्हरनं वेग कमी केला. मी काच वर केली आणि म्हटलं, पुढं गुऱ्हाळ आहे, तिथं रस घेऊ.